चौदाव्या प्रकरणातला झोळ : प्रकल्प नोंदी

३ जून

कादंबरीचा दुसरा खर्डा दोघांना वाचायला दिला होता. एक माझी जुनी मैत्रीण, दुसरे माझे एक सहकारी. दोघांनी एकमेकांशी न बोलता जवळजवळ एकाच पानावर वाचन थांबवलं. मैत्रीण म्हणाली, "इथे जरा हळू झालंय." सहकारी म्हणाले, "मी तिथून सरळ प्रकरणाच्या शेवटाला गेलो आणि तो माणूस बाबाच आहेत का ते पाहून आलो."

दुसरी प्रतिक्रिया मला जास्त मोलाची वाटते आहे. त्यांची उत्सुकता संपलेली नव्हती. उत्तर हवं होतं, पण मधली पानं त्या उत्तराच्या जवळ नेत नाहीत हे त्यांना जाणवलं, म्हणून त्यांनी ती ओलांडली.

थोडक्यात प्रकरण असं. सुमती आणि तिचा थोरला भाऊ रात्री गाडीनं निघतात. अकरा वर्षांपूर्वी बाबा घर सोडून गेलेत. एका लांबच्या रुग्णालयात एक अनोळखी माणूस दाखल आहे, तो बाबा असू शकतो असं दादाला कळलं आहे. आठ तासांचा रस्ता, सकाळी पोहोचायचं. तेराव्या प्रकरणाच्या शेवटी सुमतीला दादाच्या कपाटात एक पत्र सापडलं आहे. अक्षर बाबांचं, तारीख चार वर्षांपूर्वीची. ते पत्र आता तिच्या पर्समध्ये आहे आणि दादाला ते ठाऊक नाही.

एकूण २७ प्रकरणांपैकी हे १४वं, म्हणजे बरोबर मध्यावरचं. शब्द ६,८००, प्रसंग नऊ. कागदावर सगळं काही आहे : गुपित, बंद गाडी, रात्र, ठरलेली वेळ. आणि तरीही मध्ये झोळ पडतो.

४ जून

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला. कापाकापी. लहानपणच्या सायकलची आठवण १,१०० शब्दांची होती, ती ६०० वर आणली. तिसऱ्या संभाषणातून ४०० शब्द काढले, पंक्चरच्या प्रसंगातून ३००, पहाटेच्या वर्णनातून २००. आता प्रकरण ५,४०० शब्दांचं आहे.

६ जून

दोन दिवस बाजूला ठेवून आज मोठ्यानं वाचलं. झोळ तिथेच आहे. दोरी थोडी आखूड झाली, तिचा ताण वाढला नाही.

यातून एवढं नक्की समजलं की प्रकरण लांब असल्यामुळे रेंगाळत नव्हतं. वाचणाऱ्याला लागणारा वेळ आणि त्याला वाटणारी गती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कात्रीनं कमी होते. दुसरी कशानं होते ते आता शोधायचं आहे. कापलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आहे.

७ जून

आज एक शब्दही लिहिला नाही. जुन्या खर्ड्यातल्या नऊ प्रसंगांसाठी नऊ कार्डं केली. प्रत्येक कार्डावर तीनच गोष्टी लिहिल्या : प्रसंग सुरू होताना वाचकाच्या मनात कोणता प्रश्न आहे, संपताना कोणता आहे, आणि कोणाला काय माहीत आहे.

पहिल्या दोन कार्डांपर्यंत बरं होतं. निघणं, मग पर्समधलं पत्र आणि पहिलं संभाषण. त्यानंतर तिसरं कार्ड (बाबांविषयी दुसरं संभाषण), चौथं (सायकलची आठवण), पाचवं (पेट्रोल पंपावरचा थांबा), सहावं (तिसरं संभाषण) आणि सातवं (पंक्चर), या पाचही कार्डांवर सुरुवातीचा आणि शेवटचा प्रश्न शब्दशः एकच आला : "तो माणूस बाबा असेल का?" कोणाला काय माहीत, हाही रकाना पाचही कार्डांवर तोच. सुमतीला पत्राचं माहीत, दादाला नाही. दुसऱ्या कार्डावर जे होतं तेच सातव्यावर.

खात्री करायला एक चाचणी केली. तिसरा आणि सहावा प्रसंग, म्हणजे दुसरं आणि तिसरं संभाषण, यांची अदलाबदल केली. प्रसंगांची जागा बदलली की कथा मोडायला हवी, कारण आधीच्या प्रसंगात घडलेलं नंतरच्या प्रसंगाला लागतं. माझ्या प्रकरणात दोनच वाक्यं बदलावी लागली. एकात घड्याळातली वेळ होती, दुसऱ्यात पेट्रोलचा उल्लेख. बाकी सगळं जसंच्या तसं चाललं. या चाचणीनं मला हादरवलं. मी ती दोन संभाषणं वेगवेगळ्या आठवड्यांत, खूप जीव ओतून लिहिली होती. वाक्यं चांगली आहेत, अजूनही वाटतं. पण ते दोन प्रसंग नाहीतच, एकच प्रसंग दोनदा लिहिलेला आहे.

९ जून

दुसरा उपाय : धक्का. पाचव्या प्रसंगानंतर समोरून चुकीच्या बाजूनं येणारा ट्रक घातला. दादा गाडी कशीबशी बाजूला घेतो, दोघे धापा टाकत बसतात. ५०० शब्द एका बैठकीत लिहून झाले आणि लिहिताना अंगावर काटा आला.

१० जून

ट्रक काढला.

कारण सोपं आहे. ट्रक येतो, जातो, आणि त्यानंतर दोघांमध्ये काहीही बदललेलं नसतं. सुमतीनं आधी विचारलं नव्हतं, अजूनही विचारलेलं नाही. वाचक पानभर दचकतो आणि मग त्याच सपाट रस्त्यावर परत येतो, जो आता आधीपेक्षा जास्त सपाट वाटतो. शिवाय या दोघांना ट्रकनं काही होणार नाही हे वाचकाला ठाऊक असतं. पुस्तकाची तेरा प्रकरणं अजून उजव्या हातात आहेत. जिवाचा धोका मध्यावर खरा वाटणं फार कठीण. नात्याचा धोका मात्र तिथेही खरा वाटतो, कारण नातं मोडूनही कथा पुढे जाऊ शकते.

१२ जून

आज सापडलं असं वाटतं. सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या प्रकरणांनाही लागेल.

"तो माणूस बाबा असेल का?" हा प्रश्न मोठा आहे, पण तो गाडीत हलूच शकत नाही. उत्तर रुग्णालयात आहे आणि रुग्णालय आठ तास लांब. रात्रभर दोघे काहीही बोलले, थांबले, आठवले, तरी त्या उत्तरात तिळमात्र फरक पडत नाही. मी अख्ख्या प्रकरणाचा भार अशा प्रश्नावर टाकला होता जो प्रकरणाच्या हाताबाहेरचा आहे. अशा प्रश्नानं ताण वाढत नाही. वाचक फक्त वाट बघत बसतो, आणि वाट बघणाऱ्याला मधलं सगळं अडथळा वाटतं. माझे सहकारी पानं ओलांडून गेले ते यामुळे.

दुसरा प्रश्न गाडीतच बसलेला आहे : दादाला किती माहीत आहे, आणि सुमती विचारेल का? हा प्रश्न रात्रभरात हलू शकतो. एखादं उत्तर थोडं मिळू शकतं, चुकीचं मिळू शकतं, विचारायची किंमत वाढू शकते. मी तो दुसऱ्या प्रसंगात मांडला आणि मग पर्सची चेन लावून टाकली. सुमती विचार करत राहते, "विचारू का?" असं चार वेळा तिच्या मनात येतं (मोजलं), आणि चारही वेळा ती गप्प बसते. तेच ते गप्प बसणं. पहिल्यांदा त्यात ताण असतो. चौथ्यांदा वाचकाला कळून चुकतं की लेखिकेला अजून ते घडवायचं नाही.

म्हणून ठरवलं : बाबांचा प्रश्न डोक्यावरच्या छतासारखा राहू दे, त्याच्याविषयी कोणी काही करायचं नाही. चालायचं ते दादाच्या प्रश्नावर. आणि प्रत्येक प्रसंगात तो प्रश्न अशा तऱ्हेनं बदलला पाहिजे की मागे जाता येणार नाही.

१३ जून

नवी मांडणी. पायऱ्या तीनच.

पहिली : सुमती थेट विचारत नाही, आडून विचारते. "दादा, बाबांचं अक्षर शेवटचं कधी पाहिलंस रे?" दादा रस्त्यावरची नजर न काढता म्हणतो, "ते गेले त्याच्या आदल्या दिवशी. वाण्याची यादी." खोटं. पत्र तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये आहे. आधी तो फक्त काही बोलला नव्हता, आता तो तिच्या तोंडावर खोटं बोलला आहे. प्रश्न बदलला : "त्याला माहीत आहे का?" याऐवजी "तो मला का फसवतोय?"

दुसरी : पेट्रोल पंप. जुन्या खर्ड्यात इथे दोघे नुसते पाय मोकळे करत होते. आता दादा पैसे द्यायला उतरतो, फोन गाडीत पुढेच राहतो, आणि तो वाजतो. पडद्यावर नाव येतं : "वॉर्ड ३ सिस्टर". ज्या रुग्णालयाचा पत्ता दादाला कालच कळला म्हणे, तिथल्या वॉर्डातल्या बाईंचा नंबर नावानिशी साठवलेला. सुमती फोन उचलत नाही. तो वाजून वाजून थांबतो. दादा परत येतो, पडद्यावर सुटलेला कॉल बघतो, मग तिच्याकडे बघतो. ती डोळे मिटून पडली आहे.

या क्षणी वाचकाला दोघांचंही माहीत आहे आणि त्या दोघांना एकमेकांचं माहीत नाही. तिनं पाहिलं का, हे दादाला समजत नाही. आपण पाहिलंय हे त्याला समजलं का, हे तिला समजत नाही. यानंतर गाडीत कोणी "खिडकी बंद कर" म्हणालं तरी वाचक कान टवकारतो.

तिसरी : पंक्चर. इथे ती विचारते.

१४ जून

मांडणीचा एक परिणाम मागे गेला. बाराव्या प्रकरणात रुग्णालयाचा फोन सुमतीसमोर येत होता आणि तिला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. आता ते चालणार नाही. ती बातमी दादाच्याच तोंडून कळायला हवी, म्हणजे ती बनावट असू शकते. दोन परिच्छेद बदलले. मधल्या प्रकरणाची गाठ बऱ्याचदा मधल्या प्रकरणात सुटत नाही, तीस-चाळीस पानं मागे जावं लागतं.

१६ जून

पंक्चरचा प्रसंग लिहिला. पूर्वी हा ७०० शब्दांचा आणि प्रवासाला खरेपणा यावा म्हणून घातलेला होता. आता प्रकरणाचा कळस इथे आहे.

पहिल्या प्रयत्नात सवयीनं वाक्यं तोडली. "ती थांबली. त्यानं पाहिलं. वारा सुटला. कोणी बोललं नाही." अशी दोन पानं. ताण आला की वाक्य आखूड करायचं, हे हातात बसलेलं आहे. पण वाचताना धाप लागल्यासारखं होतं आणि काही दिसत नाही. सगळीच वाक्यं आखूड झाली की त्यातलं एकही टोचत नाही.

दुसऱ्या प्रयत्नात उलट केलं. हातांकडे पाहिलं. चाक बदलायचं तर गाडी जॅकवर उचलण्याआधी, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट थोडे सैल करावे लागतात, नाहीतर पाना फिरवताना चाकच फिरतं. मग जॅक, मग नट पूर्ण काढायचे, चाक उतरवायचं, स्टेपनी चढवायची, नट पुन्हा लावायचे. अंधारात हे एकट्यानं होत नाही. कोणीतरी टॉर्च धरावा लागतो, कोणीतरी नट हातात घ्यावे लागतात.

सुमतीच्या एका हातात टॉर्च आहे आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत पाच नट. दादा गुडघ्यांवर बसून स्टेपनी बसवतोय आणि हात मागे करून म्हणतो, "दे." ती पहिला देते. दुसरा देते. तिसऱ्याला ती टॉर्चचा झोत त्याच्या हातांवरून काढून चेहऱ्यावर नेते आणि म्हणते, "वॉर्ड ३ मधली सिस्टर कोण?"

रात्रभर गाडी त्याच्या हातात होती. आता चाकाचे तीन नट तिच्या मुठीत आहेत आणि त्याशिवाय तो कुठेही जाऊ शकत नाही. हे मी आधी ठरवलं नव्हतं, चाक बदलण्याचा क्रम नीट लिहिला तेव्हा ते आपोआप समोर आलं.

१७ जून

कालचा प्रसंग १,६०० शब्दांचा झाला. एवढा मोठा कळस प्रकरणाला जड होईल का, म्हणून आज वेळेचा हिशेब मांडला.

फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९७२ साली कथनाच्या गतीचे चार प्रकार सांगितले : लोप, म्हणजे काळ सरळ वगळणं; सारांश, म्हणजे पुष्कळ काळ थोड्या शब्दांत; प्रसंग, म्हणजे घडायला आणि वाचायला साधारण सारखा वेळ; आणि विराम, म्हणजे कथेतला काळ थांबलेला आणि निवेदन चालू. माझा जुना खर्डा या नजरेनं पाहिला तर जवळजवळ सगळा "प्रसंग" या एकाच गतीत होता, मध्ये एक लांबलचक विराम. तिन्ही संभाषणं प्रत्येकी वीसेक मिनिटांची आणि साधारण सारख्या लांबीची. वर्णन, संवाद, वर्णन, संवाद, त्याच चालीत. गती कमी नव्हती, एकसारखी होती.

नव्या मांडणीत पंपानंतरचे अडीच तास २५० शब्दांच्या सारांशात जातात. दोघे गप्प आहेत, रस्ता सरतोय, दादा दोनदा आरशात तिच्याकडे बघतो. त्यानंतर लगेच पंक्चरची पंचवीस मिनिटं १,६०० शब्दांत. हा उडीचा फरकच कळस जाणवून देतो. सारांशात वाचक भरभर पुढे सरकलेला असतो आणि एकदम प्रत्येक नट मोजावा लागतो. प्रकरण जड होत नाही, कारण त्याच्या आधी ते हलकं करून ठेवलं आहे.

त्या २५० शब्दांवर मात्र तीन दिवस घालवीन असं दिसतंय. सारांश म्हणजे टिपण नव्हे. त्यात एक तरी गोष्ट डोळ्यांना दिसली पाहिजे, नाहीतर वाचक तिथून सटकतो. सध्या आरसा आहे.

१९ जून

आता उताराचा प्रश्न.

जुन्या खर्ड्यात उतार म्हणून पहाटेचं वर्णन होतं. धुकं, पक्षी, पिवळा उजेड. वाचकाला इथे श्वास घेता येईल असं मला वाटलं होतं. आता दिसतंय की तिथे सुटण्यासारखं काही नव्हतंच, कारण काही आवळलेलं नव्हतं. आणि समजा आवळलेलं असतं, तरी नुसत्या शांततेनं ते सुटलं नसतं. ताण सुटतो तो काहीतरी मिळाल्यावर. शांत वर्णन ही फक्त विश्रांती आहे. विश्रांतीही लागते, पण काहीतरी मिळाल्यानंतर.

म्हणून दादा बोलतो. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तो सगळंच बोलला : बाबा कुठे राहत होते ते त्याला चार वर्षांपासून माहीत आहे, तो दर महिन्याला पैसे पाठवत होता, बाबांनीच सुमतीला कळू द्यायचं नाही असं सांगितलं होतं, आणि त्याचं कारण काय होतं. चार गोष्टी. लिहून झाल्यावर मला स्वतःलाच खूप मोकळं वाटलं, आणि इथेच धोका होता. पंधराव्या प्रकरणाला हातात काही उरलं नव्हतं. पुढची तीन प्रकरणं त्या कारणावर उभी आहेत.

२० जून

चारपैकी किती द्यायच्या, यावर आज दिवस गेला. एकच दिली (पैसे पाठवतो) तर वाचकाला टाळल्यासारखं वाटतं. इतका चढ चढवून एवढंच? वाचक असा उतार माफ करत नाही, त्यापेक्षा लेखिका काहीतरी लपवतेय हेच त्याच्या डोळ्यांत भरतं. चारही दिल्या तर पुढे कथा नाही.

तीन दिल्या. ठावठिकाणा, पैसे आणि "बाबांनीच सांगितलं होतं." पहिल्या दोन गोष्टींनी रात्रभराचा प्रश्न पुरता सुटतो : दादाला माहीत होतं, आणि त्यानं वाईट हेतूनं लपवलं नव्हतं. सुमती टॉर्च खाली करते आणि उरलेले तीन नट त्याच्या हातात ठेवते. इथे वाचक श्वास सोडतो. तिसरी गोष्ट त्यानंतर येते, नट आवळता आवळता, जवळजवळ सहज. "मी नाही गं ठरवलं. बाबाच म्हणाले, सुमीला कळता कामा नये." आणि तो पाना ठेवून उठतो.

क्रम उलटा असता, म्हणजे हे वाक्य आधी आलं असतं, तर उतार झालाच नसता. एक प्रश्न सुटायच्या आधी दुसरा डोक्यावर बसला असता. सुटलेल्या प्रश्नाला दहा-बारा ओळींची मोकळी जागा द्यावी लागते. मी इथे तिला हसू दिलं. दादाच्या गालावर ग्रीसचा पट्टा उमटलाय, तो तिला आत्ता दिसतो, आणि दोघेही विनाकारण हसतात. मग ते वाक्य.

२१ जून

सायकलची आठवण. ४ तारखेला मी तिला कापलं होतं, पण दोष तिच्या लांबीत नव्हता, जागेत होता. चौथ्या प्रसंगात वाचकाला अजून भूतकाळ हवासा वाटतच नव्हता. तिथे ती माहिती होती. आता ती पंक्चरनंतर, गाडी पुन्हा सुरू झाल्यावर येते, आणि तीच आठवण काम करू लागते.

आठवण अशी : सुमती सायकल शिकत असताना बाबा मागून कॅरियर धरून पळायचे, आणि एकदा त्यांनी तिला न सांगता हात सोडला. नव्या जागी तिच्या लक्षात येतं की त्या दिवशी मागून येणारा पळत्या पायांचा आवाज दादाचा होता. बाबा अंगणाच्या टोकाला उभे होते. एवढी वर्षं तिनं ते पाय बाबांचे समजले. हा बदल मला जागा बदलल्यावरच सुचला. ३५० शब्दांत मावली.

म्हणजे गतकाळातला प्रसंग कुठे घालायचा याला मला एक व्यवहारी कसोटी मिळाली : आत्ता जे कळलं त्यामुळे जुनी गोष्ट वेगळी दिसणार असेल, तर तो इथे येऊ दे. जुनी गोष्ट फक्त समजावून सांगायची असेल, तर अजून वेळ झालेली नाही.

२३ जून

आरसा राहिला. त्या २५० शब्दांत आणखी एक वाक्य घातलं : टोलनाक्यावर दादा तिला झोपलेली समजून खिडकीची काच हळूच वर करतो. खोटं बोलणाऱ्याची ही काळजी तिला जास्त असह्य होते.

२४ जून

शेवट. जुन्या खर्ड्यात प्रकरण वॉर्डाच्या दारात संपत होतं. सुमती पडदा बाजूला करायला हात पुढे करते, आणि प्रकरण खलास. मला तो फार आवडायचा. आज तो काढला.

आठ तासांच्या रस्त्याभर डोक्यावर ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर आणखी एक पान पुढे ढकलणं म्हणजे वाचकाला कोपऱ्यात अडवून ठेवणं. मैत्रिणीनं त्या शेवटाबद्दल "चांगला आहे" म्हटलं होतं, पण पंधरावं प्रकरण दोन दिवसांनी उघडलं हेही तिनं सांगितलं. अडवल्यानं ती पुढे ओढली गेली नव्हती.

नवा शेवट : वॉर्डाच्या बाहेर सिस्टर दादाला ओळखतात. मग सुमतीकडे वळून म्हणतात, "तुम्ही जरा थांबा. त्यांनी सांगितलंय, आधी मुलालाच आत पाठवा." संपलं.

उत्तर मिळालं : तो माणूस बाबा आहे, शुद्धीवर आहे, आणि ती येणार हे त्याला माहीत आहे. एका वाक्यात. आणि पुढचा प्रश्न त्याच वाक्यातून निघतो, कारण दादाचं ते नट आवळतानाचं वाक्य वाचकाच्या कानात अजून ताजं आहे. तो शेवट पंक्चरशिवाय उभा राहूच शकत नाही. आज पुन्हा अदलाबदलीची चाचणी केली. एकही जोडी हलत नाही. पंपाचा प्रसंग पंक्चरनंतर नेला तर तिच्याकडे विचारायला प्रश्नच उरत नाही.

२६ जून

शब्द मोजले. निघणं ५००, आडून विचारणं ८००, पंप ९००, सारांश २५०, पंक्चर १,६००, उतार आणि सायकल ७५०, रुग्णालय ७००. एकूण ५,५००, प्रसंग सात. कापून कापून आणलेल्या ४ तारखेच्या खर्ड्यापेक्षा हे शंभर शब्दांनी मोठं आहे. मोठ्यानं वाचताना मात्र मी एकदाही पान उलटून पुढे किती उरलंय ते पाहिलं नाही.

३० जून

आधीच्या दोघांना हे देऊन उपयोग नव्हता, त्यांना कथा माहीत आहे. तिसऱ्या वाचकाला पहिली चौदा प्रकरणं दिली आणि एकच विनंती केली : जिथे वाचन थांबवाल तिथे पेन्सिलीनं रेघ मारा, कारण लिहू नका. कारण विचारलं की माणूस समीक्षक होतो आणि सभ्यपणे उत्तर देतो. रेघ खरं सांगते.

चौदाव्यात एक रेघ आहे. आडून विचारण्याच्या प्रसंगाच्या मध्यावर, दादाच्या खोट्या उत्तराच्या आधी. तिथे सुमती पत्रातला मजकूर मनात आठवते, १८० शब्द. तेराव्याच्या शेवटी वाचकानं ते पत्र वाचलेलं आहे, दुसऱ्यांदा त्याला ते नको आहे. मी ते ठेवलं होतं, कारण दोन प्रकरणांमध्ये कोणी पुस्तक खाली ठेवलं तर विसरेल अशी भीती होती.

१ जुलै

१८० शब्दांच्या जागी तारीख आणि पत्रातली पहिली ओळ ठेवली. बावीस शब्द. दादाच्या खोट्या उत्तराला टोक यायला तारीखच पुरते.

पंधरावं उघडलं आहे. तिथे कोणीच कोणापासून काही लपवत नाही, सगळे एका खोलीत आहेत आणि सगळ्यांना सगळं माहीत आहे. पत्र, फोन, मिटलेले डोळे, यातलं काही तिथे कामाला येणार नाही. उद्या नव्या कार्डांनी सुरुवात.